दहा बेसोफिल सापडेपर्यंत मोजायचं: इन्व्हर्स सॅम्पलिंग करताना नेमकं कुठे चुकतं

पॅथॉलॉजीच्या पीजीवाल्यांची थिसिसची आकडेमोड माझ्याकडे येते, आणि त्यात दरवर्षी एक तरी कागद असा असतो की ज्यावर लिहिलेलं असतं "१० बेसोफिल मिळेपर्यंत मोजले, एकूण पेशी १४८३, म्हणून १० भागिले १४८३". मोजणी एका पद्धतीने केलेली आणि भागाकार दुसऱ्याच पद्धतीचा. रिपोर्ट अकरा टक्क्यांनी फुगतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही, कारण आकडा दिसायला अगदी सभ्य असतो.

म्हणून हे एकदा क्रमाने लिहून टाकतो. उदाहरण रक्ताच्या स्मिअरमधल्या बेसोफिलचंच घेतोय. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४५ मध्ये ही पद्धत मांडली, त्यांनाही असल्याच कामाची अडचण होती. दुर्मिळ पेशी मोजायच्या, पण किती मोजल्या की पुरे हे आधी सांगता येत नाही.

अडचण काय ते आधी बघा. समजा खरं प्रमाण ०.६ टक्के आहे. नेहमीची १०० पेशींची डीएलसी केली तर निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे साधारण ५५ टक्के वेळा, बेसोफिल शून्यच येणार. २०० मोजल्या तरी ३० टक्के वेळा शून्य. त्या शून्याचं करायचं काय? इन्व्हर्स सॅम्पलिंगमध्ये आपण उलटं करतो. पेशींची संख्या ठरवत नाही, बेसोफिलची संख्या ठरवतो, ते तेवढे सापडेपर्यंत मोजत राहतो, आणि एकूण किती पेशी लागल्या हेच आपलं मोजमाप होतं. ठरवलेल्या बेसोफिलना r म्हणू आणि लागलेल्या एकूण पेशींना n. यात r पक्का असतो आणि n नशिबावर, ही गोष्ट डोक्यातून निसटली की पुढचं सगळं चुकतं.

न्यूट्रोफिलसाठी हे असलं काही करू नका, ते शंभरात साठ मिळतात, तिथे साधी मोजणीच बरी.

## १. r किती ते मोजायला बसायच्या आधी ठरवा

अंदाज किती पक्का येणार हे या पद्धतीत जवळजवळ फक्त r वरच अवलंबून असतं, मूळ प्रमाण ०.२ टक्के असो की १ टक्का. पद्धतीचा खरा फायदा हाच आहे. स्टँडर्ड एरर अंदाजाच्या किती टक्के येईल हे ढोबळमानाने असं काढायचं:

```
1 / sqrt(r - 2)
```

r = ११ घेतला तर ३३ टक्के. r = २७ घेतला तर २० टक्के. १० टक्क्यांपर्यंत आणायचं असेल तर r = १०२ लागतो, आणि ०.६ टक्के प्रमाणात १०२ बेसोफिल म्हणजे सतरा हजार पेशी, तेव्हा ते विसरा. माझं मत विचाराल तर एका पेशंटमागे १० च्या खाली जाऊ नये, आणि थिसिसचा मुख्य मुद्दाच बेसोफिल असेल तर २५-३० ची तयारी ठेवावी. या लेखात r = १० धरलाय, म्हणजे एरर साधारण एक तृतीयांश. ऐकायला भयंकर वाटतं, पण १०० पेशींच्या डीएलसीत याहून कितीतरी वाईट असतं, फक्त तिथे ते कोणी लिहीत नाही.

सावधान: r = १ कधीच घेऊ नका. पहिला बेसोफिल सापडला की थांबलात तर खालचा फॉर्म्युला जवळजवळ नेहमी शून्य देतो आणि सरळ भागाकार प्रचंड फुगतो. दोन्हीकडून वाट लागते.

r वहीत लिहा, तारीख टाका आणि मगच मायक्रोस्कोप चालू करा. हे नाटक वाटेल, पण पायरी ५ मध्ये कळेल का सांगतोय ते.

## २. कमाल मर्यादाही आधीच ठरवा

लोक हे विसरतात आणि मग रात्री आठ वाजता सातव्या बेसोफिलवर "आता बस्स" म्हणून उठतात. अशा उठण्याला कुठलाच फॉर्म्युला बसत नाही, कारण ते थकव्यावर ठरलेलं असतं.

n किती येऊ शकतो ते आधी बघा. प्रमाण ०.६ टक्के असेल तर सरासरी १० / ०.००६, म्हणजे १६६७ पेशी लागतील. पण ही फक्त सरासरी झाली, दर वीसपैकी एकोणीस वेळा n साधारण ८०० ते २८५० च्या मध्ये कुठेही येईल. म्हणजे एका पेशंटला पाऊण तास आणि त्याच प्रमाणाच्या दुसऱ्याला जवळपास तिप्पट-चौपट वेळ, यात तुमची चूक काहीच नाही. मी इथे मर्यादा ३००० धरतो. नियम असा लिहायचा: "१० बेसोफिल किंवा ३००० पेशी, जे आधी होईल ते." प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुतेक वेळा मर्यादाच आधी लागणार, त्याचं काय करायचं ते पायरी ७ मध्ये आहे.

आणि एवढ्या पेशी पुरतील इतक्या स्लाइड्स एकाच नमुन्यातून, एकाच वेळी करून ठेवा. मध्येच स्लाइड संपली म्हणून दुसऱ्या दिवशीच्या रक्ताची स्लाइड जोडली तर मोजताय दोन वेगळी प्रमाणं.

## ३. स्लाइड आणि मोजायची वाट

सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: तुमच्या वाटेत येणारी प्रत्येक पेशी बेसोफिल असण्याची शक्यता सारखीच आहे. स्मिअर हे गृहीत मोडायला टपलेलाच असतो. मोठ्या पेशी कडांना आणि टेलकडे ढकलल्या जातात, लिम्फोसाइट मध्ये जास्त राहतात. म्हणजे तुम्ही फक्त मधल्या पट्ट्यात सरळ रेषेत मोजत गेलात तर एक उत्तर, फक्त कडेने गेलात तर दुसरं. म्हणून कडेपासून आत, थोडं पुढे, परत कडेकडे अशी किल्ल्याच्या तटासारखी नागमोडी वाट धरा. डीएलसीसाठी हेच शिकवतात, पण पंधराशे पेशींच्या मोजणीत कंटाळा आला की लोक सरळ रेषेवर येतात.

दुसरी गोष्ट स्टेनची. बेसोफिलचे दाणे पाण्यात विरघळतात. मिथेनॉलमध्ये फिक्सिंग कमी पडलं किंवा धुताना पाणी जास्त वेळ राहिलं तर दाणे धुऊन जातात आणि बेसोफिल ओळखूच येत नाही. अशा स्लाइडवर तुम्ही बरोबर नियमाने थांबाल, बरोबर भागाकार कराल आणि उत्तर तरी कमीच येईल. मोजणीआधी एखादा ठळक बेसोफिल शोधून त्याचे जांभळे-काळे दाणे केंद्रकावर पसरलेले नीट दिसतायत का ते बघा. तो शोधताना बघितलेल्या पेशी मात्र मोजणीत धरायच्या नाहीत, आणि तो बेसोफिलही धरायचा नाही. मोजणी स्लाइडच्या दुसऱ्या भागात नव्याने, शून्यापासून सुरू करायची.

एका फील्डमध्ये दोन-तीन पांढऱ्या पेशी असतील तर कुठली आधी मोजायची हेही ठरवून टाका. मी वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे असं सांगतो. हे किती महत्त्वाचं आहे ते थांबायच्या वेळी कळतं.

## ४. मोजताना नुसते एकूण नको, क्रमांक लिहा

डीएलसी काउंटर शेवटी फक्त बेरीज देतो. इथे बेरीज पुरत नाही. प्रत्येक बेसोफिल कितव्या पेशीला सापडला तो क्रमांक लिहायचा आणि शक्य असेल तर स्टेजच्या व्हर्नियर पट्टीवरचं वाचनही लिहायचं, म्हणजे परत तिथे जाता येतं. आमच्या एका मोजणीचा कागद असा होता:

६४, ३०१, ३७७, ५२२, ५४०, ८७१, १००९, ११२२, १३९०, १४८३

दोन बेसोफिलमधलं अंतर बघा, सगळ्यात कमी १८ आणि सगळ्यात जास्त ३३१. नवीन माणूस इथेच घाबरतो, त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. उलट सगळी अंतरं १४०-१५० च्या घरात आली असती तर मला संशय आला असता. दुर्मिळ गोष्टींची वाट अशीच ओबडधोबड असते, दोन लागोपाठ आणि मग लांब दुष्काळ.

तपासणी: पहिले पाच ५४० पेशींत आणि पुढचे पाच ९४३ पेशींत मिळाले. पाच-पाचच्या गटात एवढा फरक सहज येतो. पण स्लाइड बदलल्याबरोबर अंतर अचानक चार-पाच पटीने बदललं आणि तसंच राहिलं तर थांबून स्टेन बघा.

## ५. थांबायचं कुठे

दहावा बेसोफिल दिसला, त्याला मोजलं, झालं. त्याच फील्डमध्ये उजवीकडे अजून दोन पेशी आहेत? मोजायच्या नाहीत. १४८३ आहे, १५०० करून राउंड फिगर करू? नाही. n ची व्याख्याच "दहाव्या बेसोफिलपर्यंत लागलेल्या पेशी" अशी आहे, पुढच्या सतरा पेशींना त्यात जागा नाही.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीत फील्ड पूर्ण केल्याने फरक एखाद-दोन पेशींचाच पडतो, ते कदाचित चालूनही जाईल. पण हीच सवय घेऊन कोणी रेटिक्युलोसाइट मोजायला बसला की जिथे एका फील्डमध्ये दीडशे-दोनशे लाल पेशी असतात, तिथे मात्र "फील्ड पूर्ण करून थांबलो" म्हणजे वेगळीच पद्धत झाली, खालचा फॉर्म्युला तिला लागू नाही.

सगळ्यात वाईट चूक मात्र लवकर थांबायची. वरचाच कागद घ्या. चौथा ५२२ ला आणि पाचवा लगेच ५४० ला मिळाला. एक मुलगी मला म्हणाली, "सर, पाच तर झालेच, पाचवरच थांबले असं दाखवते ना, फॉर्म्युला तर पाचलाही चालतो." फॉर्म्युला पाचला चालतो, पण पाच हे मोजायच्या आधी ठरलं असेल तरच. लागोपाठ दोन मिळाल्याच्या आनंदात थांबायचं म्हणजे नशीब जोरात असतानाच्या क्षणी फोटो काढायचा. तिथे थांबलं तर ५४० मध्ये ५, सरळ भागाकाराने ०.९३ टक्के, आणि पुढे मोजल्यावर खरं चित्र किती खाली येतं ते आता बघूच.

## ६. अंदाज काढणे

फॉर्म्युला एका ओळीचा आहे:

```
p = (r - 1) / (n - 1)
```

आपल्या कागदावर ९ / १४८२, म्हणजे ०.६०७ टक्के. सरळ १० / १४८३ केलं तर ०.६७४ टक्के.

एक वजा का करायचा? शेवटची पेशी आठवा. ती बेसोफिल निघाली यात माहिती काहीच नाही, कारण ती बेसोफिल असल्याशिवाय आपण थांबलोच नसतो. ती नियमाने आलेली पेशी आहे, नशिबाने आलेली नाही. तिला बाजूला काढली की मागे १४८२ पेशी राहतात आणि त्यात ९ बेसोफिल, तेवढंच खरं सॅम्पल. असा काढलेला अंदाज पुन्हा पुन्हा केला तर सरासरीने बरोबर खऱ्या प्रमाणावर येतो. r / n मात्र सरासरीने r / (r − १) पट फुगतो, r = १० ला अकरा टक्के आणि r = ३ ला तर दीडपट.

चूक: वरून एक वजा करायचा आणि खालून विसरायचा. १४८३ मध्ये फरक पडत नाही हे खरं, पण मग कोणीतरी n = ४० असलेल्या कामातही तेच करतं.

स्टँडर्ड एररचा हिशोबही सोपा आहे, खाली n − २ येतो एवढं लक्षात ठेवा:

```
SE = sqrt( p * (1 - p) / (n - 2) )
```

०.००६०७ टाकलं की एरर ०.२०२ टक्के येतो, म्हणजे अंदाजाच्या एक तृतीयांश.

त्याच मोजणीत इओसिनोफिलही मोजले असतील तर? त्यांची संख्या भागिले n − १. त्यांच्या संख्येतून एक वजा करायचा नाही, कारण थांबायचा नियम त्यांच्यावर नव्हता. असं केलं की सगळ्या प्रकारांची टक्केवारी मिळून बरोबर १०० होते, हा हात तपासायचा सोपा उपाय. १०० नाही आली तर कुठेतरी n आणि n − १ ची मिसळ झालीय.

दोघांनी एकाच रक्ताच्या वेगळ्या स्लाइड्सवर दहा-दहापर्यंत मोजलं आणि कोणाचीच मर्यादा आड आली नाही, तर दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढत बसू नका. r वीस धरा, दोघांचे n मिळवा आणि एकदाच फॉर्म्युला लावा. दुसऱ्याला १९१० पेशी लागल्या असतील तर १९ / ३३९२, म्हणजे ०.५६ टक्के.

## रेंज देताना

अंदाज अधिक-उणे दोन एरर असं इथे लिहू नका. r = १० ला वाटप एका बाजूला लांबलेलं असतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखी रेंज खोटी पडते. त्याऐवजी बीटा वाटपावरून काढा, आर या सॉफ्टवेअरमध्ये:

```
r <- 10; n <- 1483
(r - 1) / (n - 1)
qbeta(0.025, r, n - r + 1)
qbeta(0.975, r, n - r)
```

एक्सेलवाल्यांनी `=BETA.INV(0.025,10,1474)` आणि `=BETA.INV(0.975,10,1473)`. उत्तर ०.३२ ते १.१५ टक्के. अंदाज ०.६१ आहे, म्हणजे खाली ०.२९ आणि वर ०.५४, हा तिरपेपणा खराच आहे, तो लपवू नका.

इथली ठरलेली चूक म्हणजे वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये १० आणि १४८३ टाकणे. तो कॅल्क्युलेटर समजतो की तुम्ही १४८३ पेशी आधी ठरवल्या होत्या. त्याची वरची बाजू १.२४ येते, १.१५ नाही. खालची बाजू दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून चूक पटकन दिसत नाही.

## ७. मर्यादा आधी लागली तर

समजा दुसऱ्या पेशंटला ३००० पेशी झाल्या आणि बेसोफिल फक्त ४ सापडले. आता एक वजा करायचा का? नाही. शेवटची पेशी आता बेसोफिल असायलाच हवी अशी सक्ती नव्हती, थांबलात ते ३००० वर. म्हणून सरळ ४ / ३००० म्हणजे ०.१३ टक्के. नियम आधी लिहिलेला असेल तर हे दोन्ही मिळून, म्हणजे दहा मिळाले तर ९ / (n − १) आणि नाही मिळाले तर सापडलेले बेसोफिल भागिले ३०००, सरासरीने बरोबरच येतात. आणि या पेशंटला रेंजसाठी तो वेबसाइटवाला कॅल्क्युलेटरही बरोबर आहे:

```
qbeta(0.025, 4, 2997)
qbeta(0.975, 5, 2996)
```

०.०४ ते ०.३४ टक्के. तक्त्यात मात्र हा पेशंट "मर्यादेवर थांबलो" म्हणून वेगळा दाखवा. याला गाळायचं तर अजिबात नाही. कमी बेसोफिलवालेच मर्यादेवर थांबतात, त्यांना "मोजणी अपूर्ण" म्हणून काढून टाकलं की उरलेल्या गटाची सरासरी आपोआप वर चढते. एका थिसिसमध्ये हे सापडेपर्यंत आमचा आठवडा गेला होता, एक्सेलमध्ये रांगाच नव्हत्या, मग मुळात काय गेलंय हे कळणार कसं.

## ८. गाइडने पेशी नाकारली तर

हे होतंच. तुम्ही दहा दाखवले, सरांनी बघितलं आणि ५४० वाला बेसोफिल नसून टॉक्सिक दाणे असलेला न्यूट्रोफिल निघाला. आता तुमच्याकडे नऊच आहेत. ८ / १४८२ करायचं नाही. नवव्याचा क्रमांक १४८३ झाला, थांबायची अट अजून पूर्ण नाही, म्हणून १४८३ व्या पेशीच्या वाचनावर स्टेज परत न्यायची आणि पुढे मोजत दहावा शोधायचा. १६२० ला मिळाला तर ९ / १६१९, ०.५६ टक्के. व्हर्नियरचं वाचन लिहायला सांगितलं होतं ते यासाठी.

उलट झालं, म्हणजे ७०० व्या पेशीला तुम्ही मोनोसाइट लिहिला होता तो बेसोफिल निघाला, तर तुमचा दहावा खरं म्हणजे १३९० ला येऊन गेलेला होता. मग n १३९० धरायचा, पुढच्या ९३ पेशी सोडून द्यायच्या, त्यात एक बेसोफिल असला तरी. जीव तुटतो, पण ९ / १३८९ करायचं.

फक्त हे पुन्हा तपासणं बेसोफिल म्हटलेल्या दहाच पेशींचं केलं तर तुमची चूक एकाच बाजूने दुरुस्त होते, सुटून गेलेले कोणी शोधलेलेच नसतात. म्हणून सरांना दहा बेसोफिल आणि त्यांच्याबरोबर शंकास्पद वाटलेल्या सगळ्या पेशींची वाचनं, एकाच यादीत, कुठली कुठली हे न सांगता द्या.

रिपोर्टमध्ये टक्केवारीच्या शेजारी r, n, मर्यादा आणि कशामुळे थांबलो हे चारही लिहा. दर मायक्रोलिटरमागचा आकडा हवा असेल तर टक्केवारी गुणिले डब्ल्यूबीसी काउंट, ७२०० असेल तर आपल्या पहिल्या पेशंटला साधारण ४४. त्यावर दशांश लावू नका, रेंज २३ ते ८३ आहे.